धड्याचे तुकडे कोणी पाडावे?

गेल्या श्रावणात एक पालक आम्हांस भेटावयास शाळेत आले. बाजारात त्यांचे धान्याचे दुकान आहे व चिरंजीव आमच्या नववीच्या वर्गात आहेत. नमस्कार करून खुर्चीवर बसतात न बसतात तोच ते म्हणाले, “सर, रागावू नका, पण पोरगा रोज संध्याकाळी कानाला मोबाईल लावून एकच वाक्य तासभर ऐकत बसतो. विचारले तर म्हणतो, सरांनी सांगितले आहे. ह्याला अभ्यास म्हणावयाचे काय?”

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य होते. ते आम्ही त्या दिवशी दिलेही. परंतु चिरंजीव ऐकत होते ते वाक्य कोणते, हे पाहण्यासाठी आम्ही तो तुकडा त्यांच्याच मोबाईलवर लावला, आणि आमच्या ध्यानात आले की चूक मुलाची नव्हती, पालकांचीही नव्हती. ती आमची होती. त्या चुकीची हकीकत व तिच्यामुळे बनलेले आमचे मत पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम मूळ गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्रजी संभाषणाचा एखादा ध्वनिमुद्रित धडा चार मिनिटांचा असला, तर तो सलग ऐकणाऱ्या नवख्या मुलाच्या हाती फारसे लागत नाही. पहिले वाक्य मनात जुळवीपर्यंत तिसरे निघून जाते. सामान्य गतीने बोलणारा मनुष्य सेकंदास दोन ते तीन शब्द उच्चारतो. म्हणजे आठ शब्दांचे वाक्य तीन सेकंदांत संपते. एवढाच घास कानास एका वेळी पेलतो. म्हणून धड्याचे वाक्यागणिक तुकडे पाडावयाचे, एकेक तुकडा पुनःपुन्हा ऐकावयाचा, आणि मग बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, तो थांबण्याची वाट न पाहता, आपणही बोलत जावयाचे. ह्या शेवटच्या क्रियेस इंग्रजीत शॅडोइंग म्हणतात. आम्ही वर्गात तिला ‘सावली धरणे’ म्हणतो, कारण चालणाऱ्याची सावली त्याच्या मागे असते, पण त्याला सोडून नसते.

ग्रामोफोनच्या काळात हे करणे फार अवघड होते. भाषा शिकविणाऱ्या तबकड्या तेव्हाही निघत. लंडनच्या लिंग्वाफोन कंपनीची स्थापना १९०१ सालची आहे. परंतु दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे बोलणे मावे, आणि त्यातील नेमके सातवे वाक्य पुन्हा ऐकावयाचे तर सुई अंदाजाने उचलून ठेवावी लागे. ती कधी सहाव्यावर पडे, कधी आठव्यावर; आणि दर वेळी तबकडी झिजे ती वेगळीच. आज तोच धडा संगणकात घातला की त्याचा आवाज पडद्यावर डोंगररांगेप्रमाणे दिसतो, आणि कोठे कापावयाचे ते बोट ठेवून दाखविता येते. अडचण सुईची राहिली नाही. अडचण आता कापणाऱ्याची आहे.

आमच्या धड्याचा विषय रेल्वे स्टेशनावरील संभाषण हा होता. तो आम्हीच लिहिला होता आणि आमच्या एका सेवानिवृत्त सहशिक्षिकाबाईंनी आपल्या स्वच्छ आवाजात वाचला होता. लांबी चार मिनिटे दहा सेकंद. मुद्रण वर्गातच मोबाईलवर केले. दिवस चैत्राचे असल्यामुळे डोक्यावर पंखा चालू होता. पंख्याचा हा उल्लेख वाचकांनी लक्षात ठेवावा.

तुकडे पाडण्यासाठी आम्ही ऑडॅसिटी ही मोफत मिळणारी संगणक-प्रणाली वापरली. तिच्या Analyze ह्या यादीत Label Sounds नावाची सोय आहे. तिला दोन गोष्टी मुख्यत्वे सांगावयाच्या असतात: किती हळू आवाजास शांतता समजावे, आणि ती शांतता किती वेळ टिकली म्हणजे तेथे तुकडा संपला असे मानावे. मग यंत्र सगळा धडा चाळून प्रत्येक बोलण्याभोवती एक खूण करते. आणि Export Audio मध्ये Multiple Files निवडले की प्रत्येक खुणेची स्वतंत्र फाइल तयार होते. आम्ही शांततेची मर्यादा उणे २८ डेसिबल आणि कालावधी अर्धा सेकंद ठेवला. अर्ध्या मिनिटात काम झाले. एक्केचाळीस तुकडे मिळाले. ते आम्ही न ऐकताच मुलांस वाटून टाकले. ‘न ऐकताच’ हे दोन शब्द लिहिताना आम्हांस आजही संकोच वाटतो.

आता दुकानदार पालकांच्या मोबाईलवर आम्ही जे ऐकले ते असे. वाक्य होते, “यू आर लेट बाय फाइव्ह मिनिट्स.” तुकडा लावला तो ऐकू आले, “यू आर लेट बाय फाइव्ह मिनिट.” पुन्हा लावला, पुन्हा ‘मिनिट’. मुलाला म्हणावयास सांगितले. त्याने हुबेहूब म्हटले, आवाजाच्या चढउतारासह, आणि शेवटी ‘मिनिट’. जे ऐकले तेच तो इतक्या निष्ठेने बोलत होता की त्याला दोष देण्यास जागाच नव्हती. अनेकवचनाचा स् आमच्या यंत्राने खाल्ला होता आणि एका गुणी मुलाने तासभर श्रम करून ती चूक जिभेवर पक्की बसविली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तर निम्म्याहून अधिक वर्ग ‘फाइव्ह मिनिट’ म्हणाला.

असे का झाले, हे समजावून घेण्यासारखे आहे. बोलण्यातील सर्व ध्वनी सारख्या जोराचे नसतात. आ, ई, ओ हे स्वर दणदणीत असतात. पण स्, फ्, थ् हे नुसत्या वाऱ्याचे ध्वनी स्वरांच्या मानाने पुष्कळ क्षीण असतात, आणि वाक्याच्या अखेरीस बोलणाऱ्याचा श्वास ओसरत असतो तेव्हा ते अधिकच क्षीण होतात. यंत्राला अर्थ कळत नाही. त्याला उंची कळते. आम्ही मागाहून मोजून पाहिले, तेव्हा ‘मिनिट्स’ मधील अखेरचा स् उणे ३३ डेसिबलच्या आसपास होता. आम्ही तर उणे २८ च्या खाली असेल ते सारे शांतता समज, असा हुकूम दिला होता. यंत्राने हुकूम पाळला.

मग मर्यादा खाली का आणली नाही, असे कोणी विचारील. आणून पाहिली. उणे ३६ ठेवताच ‘मिनिट्स’ चा स् परत आला. परंतु त्याच धड्यात दुसरे एक वाक्य आहे: “वन टिकेट इज नॉट एनफ.” त्यातील अखेरचा फ् उणे ४१ निघाला, आणि पंख्याची घरघर होती उणे ४०. म्हणजे फ् हा पंख्याच्या आवाजात बुडालेलाच होता. मर्यादा उणे ४२ केली, तर यंत्रास शांतता कोठेच सापडेना, कारण पंखा क्षणभरही थांबत नव्हता. सगळा धडा म्हणजे एकच लांब तुकडा झाला. ह्यावरून निघणारा नियम सोपा आहे. शांततेची मर्यादा खोलीच्या स्वतःच्या आवाजाहून थोडी वर आणि सर्वांत क्षीण व्यंजनाहून खाली बसली पाहिजे. ह्या दोहोंमध्ये जागाच नसेल, तर आकडे कितीही फिरविले तरी व्यर्थ. मुद्रण पुन्हा करावे. मागाहून आवाज ‘स्वच्छ’ करण्याच्या युक्तीवर आम्ही भिस्त ठेवीत नाही. घरघर आणि फ् हे दोन्ही वाऱ्याचेच आवाज. एक पुसताना दुसऱ्याला धक्का लागतोच.

आम्ही बाईंस पुन्हा त्रास दिला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आणि घामाघूम होऊन तोच धडा पुन्हा मुद्रित केला. ह्या वेळी खोलीचा आवाज उणे ५८ भरला. मर्यादा उणे ५० ठेविली. शिवाय Maximum leading silence व Maximum trailing silence अशी दोन घरे आहेत, जी पहिल्या खेपेस आम्ही शून्यावर सोडली होती. त्यांत प्रत्येकी ०.३ सेकंद घातले, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या आधी व नंतर थोडी मोकळी जागा सुटली. शेवटच्या व्यंजनास आता पाय पसरावयास स्थळ मिळाले. पुढच्या जागेचा आणखी एक उपयोग आम्हांस मुलांनीच दाखवून दिला. बिनतारी कानफोन कित्येकदा तुकड्यांच्या मधल्या शांततेत झोपी जातात आणि जागे होताना पुढील तुकड्याचा पहिला शब्द गिळतात. तशा मुलांसाठी पुढची जागा पुरा एक सेकंद ठेवावी, किंवा साधा तारेचा कानफोन वापरावा.

एवढे झाल्यावर तरी काम संपले काय? नाही. व्यंजने वाचली, पण वाक्ये वाचली नाहीत. धड्यात कानाने मोजता शेहेचाळीस वाक्ये आहेत. यंत्राने आता त्रेचाळीस तुकडे पाडले होते, आणि आकडे जवळ आले म्हणून आनंद मानण्याचे कारण नव्हते. कारण काही ठिकाणी त्याने दोन वाक्ये एकत्र बांधली होती व काही ठिकाणी एकाचीच दोन शकले केली होती. “येस, इट इज. प्लॅटफॉर्म टू.” ही बाईंनी एका दमात म्हटली, म्हणून ती एकच झाली. उलट, “वेल... आय थिंक यू शुड आस्क द गार्ड” ह्यात ‘वेल’ नंतर त्या मुद्दाम थांबल्या, जसे विचार करणारा मनुष्य थांबतो; यंत्राने ‘वेल’ हा एकटाच शब्द वेगळा काढून ठेवला. नुसते ‘वेल’ वीस वेळा ऐकून कोणास काय मिळणार? शांतता ही श्वासाची खूण आहे, वाक्याची नव्हे. दोन्ही पुष्कळदा एकत्र येतात, म्हणून आपली फसगत होते.

येथवर आलो तेव्हा आमच्यापुढे दोन मार्ग होते. एक म्हणजे आम्ही स्वतः बसून त्रेचाळीस खुणा दुरुस्त कराव्या. वीस-पंचवीस मिनिटांचे काम होते व आमचे सहकारी तेच करा म्हणत होते. दुसरा मार्ग असा की, अख्खा धडा न कापता मुलांच्या स्वाधीन करावा आणि खुणा त्यांनाच करावयास लावाव्या. आम्ही दुसरा पत्करला. तोच योग्य आहे, निदान आठवी-नववीच्या पुढे तरी, असे आमचे आता स्पष्ट मत झाले आहे.

संगणकाच्या खोलीत आम्ही दोघां-दोघांच्या जोड्या बसविल्या आणि छापील पाठ दिला नाही. रीत अशी सांगितली: थोडे ऐका, वाक्य संपले असे वाटेल तेथपर्यंतचा भाग माउसने ओढून निवडा, तो तेवढाच पुन्हा वाजवून पाहा, पहिला ध्वनी व शेवटचा ध्वनी पुरा ऐकू येतो काय ते एकमेकांस सांगा, मग Ctrl+B दाबून खूण करा आणि तिला तीन आकडी क्रमांक द्या. ००१, ००२ असे तीन आकडी का, ते त्यांस पुढे मोबाईलवर कळले. नुसते १, २ असे लिहिले की कित्येक मोबाईलांत १ नंतर १० वाजतो.

पहिल्या दहा मिनिटांतच एका मुलीने हात वर केला. “सर, ‘येस, इट इज’ आणि ‘प्लॅटफॉर्म टू’ ही दोन वाक्ये की एक?” आम्ही उलट विचारले, “तुला काय ऐकू येते?” ती पुन्हा ऐकावयास गेली आणि परत येऊन म्हणाली, “मध्ये थांबत नाहीत, पण ‘इज’ वर आवाज खाली येतो आणि ‘प्लॅटफॉर्म’ ला पुन्हा वर चढतो. म्हणजे दोन.” ही मुलगी व्याकरणाच्या पुस्तकातून वाक्य ओळखावयास शिकली होती, त्या दिवशी ती आवाजाच्या उतारावरून ओळखावयास शिकली. आम्ही तुकडे तयार करून दिले असते, तर हा प्रश्न तिला पडलाच नसता. दुसऱ्या एका जोडीत ‘मिनिट्स’ वरून वाद झाला. एकजण म्हणे, शेवटी काही नाही. दुसरा म्हणे, स् आहे. दोघांनी खुणेची कड पाव सेकंद पुढे सरकवून ऐकले आणि वाद मिटला. ज्याने तो स् शोधण्यासाठी वाद घातला, तो पुढे बोलताना त्याला विसरत नाही. एवढे आम्ही आमच्या वर्गापुरते खात्रीने सांगू शकतो.

खरा कस लागला तो लांब वाक्यावर. “आय वॉज टोल्ड दॅट द ट्रेन स्टॉप्स हिअर फॉर हाफ ॲन अवर बिफोर इट गोज ऑन टु द नेक्स्ट स्टेशन.” वीस शब्द, सात-आठ सेकंद. हे सबंध वाक्य नववीच्या मुलाच्या कानात मावत नाही. ह्याचे पोटतुकडे पाडलेच पाहिजेत. पण कोठे? एका जोडीने ‘हाफ ॲन’ येथे कापले. तो तुकडा वाजविला तो अखेरीस एक विचित्र अर्धवट ध्वनी आला, आणि पुढला तुकडा ‘अवर’ ऐवजी ‘नावर’ असा सुरू झाला. मुले हसली, परंतु हसण्याच्या त्या क्षणी त्यांस जे कळले ते आम्ही फळ्यावर लिहून कळविणे कठीण होते. इंग्रजी बोलणारा ‘हाफ’, ‘ॲन’, ‘अवर’ असे तीन शब्द बोलत नाही. तो ‘हाफनावर’ असा एकच शब्द बोलतो. आपली मराठी प्रत्येक अक्षरास बहुधा सारखा मान देते. इंग्रजी मोठ्या शब्दांस पुढे बसविते आणि ‘ॲन’, ‘टु’, ‘फॉर’ ह्यांस कोपऱ्यात दाटीवाटीने उभे करते. सांधा जेथे आहे तेथे सुरी घातली की दोन्हीकडे हाड राहते. म्हणून कापावे ते जेथे बोलणारा क्षणभर रेंगाळतो तेथे: ‘आय वॉज टोल्ड’, ‘दॅट द ट्रेन स्टॉप्स हिअर’, ‘फॉर हाफ ॲन अवर’, ‘बिफोर इट गोज ऑन’, ‘टु द नेक्स्ट स्टेशन’. कसोटी एकच. तुकडा एकटा वाजवावा. त्यात शेजारच्या शब्दाचा ठिपकाही ऐकू आला, तर कड सरकवावी, आणि सरकवूनही जाईना तर ती जागाच सोडून द्यावी.

हे पोटतुकडे जोडताना शेवटाकडून यावे, अशी आमची शिफारस आहे. आधी ‘टु द नेक्स्ट स्टेशन’. मग ‘बिफोर इट गोज ऑन टु द नेक्स्ट स्टेशन’. मग त्याच्या आधीचा. पुढून सुरुवात केली की मूल प्रत्येक पोटतुकड्याच्या अखेरीस आवाज खाली सोडते, जणू काय वाक्य संपले, आणि पाच तुकडे जोडल्यावर पाच पायऱ्यांवरून गडगडत आल्यासारखे ऐकू येते. मागून आले म्हणजे उतार आपल्या जागी, म्हणजे ‘स्टेशन’ वर, पहिल्यापासूनच बसलेला असतो.

धीमे करून ऐकण्याची सवयही पुष्कळांस असते, तिच्याविषयी थोडे. मोबाईलवर गती कमी करता येते आणि आवाज जाडा होत नाही, हे खरे. परंतु ‘डिड यू’ हे बोलणाऱ्याने ‘डिज्यू’ असे म्हटले असेल, तर ते कितीही धीमे करा, ‘डिज्यूऽ’ असेच लांबेल. न उच्चारलेला ड् त्यातून निघणार नाही. कळत नसेल तर तुकडा लहान करावा, गती कमी करू नये, असे आम्हांस वाटते.

आता सावली धरण्याविषयी. येथेच पालकांचा मूळ प्रश्न येतो, की एकच वाक्य किती वेळ ऐकावे. आमच्या अनुभवात तीन-चार वेळा मुकाट्याने ऐकल्यावर मूल तोंड उघडण्यास तयार होते. मग ते तुकडा संपण्याची वाट न पाहता, दोन-तीन शब्द मागे राहून, बोलू लागते. पहिल्या दोन खेपांस शब्द सुटतात. सुटू द्यावे, थांबू नये. पाचव्या-सहाव्या खेपेस ते जुळते. आणि बरोबर ह्याच ठिकाणी एक फसवी गोष्ट घडते. वाक्य आता पाठ झालेले असते. मूल ऐकून बोलत नाही, आठवून बोलते, आणि त्याचा आवाज ध्वनिमुद्रणाच्या बरोबरीने किंवा क्षणभर पुढेच धावू लागतो. सावली माणसाच्या पुढे गेली! ह्यापुढे त्याच तुकड्यावर घालविलेला वेळ जिभेस थोडाफार उपयोगी पडेल, कानास नाही. तेव्हा पुढील दोन तुकडे त्यास जोडून घ्यावे, म्हणजे पुन्हा मागे राहावेच लागते; आणि सगळे तुकडे झाले की अखेरीस न कापलेल्या धड्यावरच सावली धरावी. तुकडे ही शिडी आहे, राहण्याची माडी नव्हे. चिरंजीव एका वाक्यावर तासभर बसले होते, त्यांतील पन्नास मिनिटे तरी व्यर्थ गेली, हे त्यांच्या वडिलांचे म्हणणे आम्हांस मान्य करावे लागले.

ही केवळ पोपटपंची आहे, असा आक्षेप आमच्याच शिक्षकांच्या खोलीत घेतला गेला. त्यास उत्तर म्हणून विल्यम मार्स्लेन-विल्सन ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा दाखला देतो. त्यांना काही माणसे अशी आढळली की जी ऐकलेले बोलणे सुमारे पाव सेकंदाच्या अंतराने, म्हणजे जवळजवळ एका अक्षराच्या मागून, परत बोलत. इतक्या जवळून चालताना त्यांच्या ज्या चुका होत, त्या मात्र अर्थास व व्याकरणास धरून असत. म्हणजे बोलता बोलता त्यांस समजतही होते. परंतु ती माणसे आपल्या मातृभाषेत बोलत होती, हे विसरून चालणार नाही. आमच्या मुलांस अर्थ आधी सांगितला पाहिजे. छापील पाठ आम्ही खुणा करून झाल्यावर देतो, सावली धरण्यापूर्वी. अर्थ न कळलेल्या वाक्याची सावली धरणे ही खरोखरच पोपटपंची होय, आणि तेवढ्यापुरता सहकाऱ्यांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे.

आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चार मिनिटांच्या धड्यास खुणा करण्यात आमच्या वर्गाचे दोन तास गेले. वर्षातून असे सात-आठच धडे होऊ शकतील. पाचवी-सहावीच्या मुलांस हे झेपणार नाही. त्यांच्यासाठी शिक्षकाने स्वतः कापावे, प्रत्येक तुकडा स्वतः ऐकावा, आणि मगच द्यावा. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना शाळेच्या खोलीवरच अवलंबून राहावे लागते, आणि तेथील यंत्रे थोडी व विद्यार्थी फार, ही अडचणही आहेच. तयार तुकडे वाटण्याने ह्या सर्व अडचणी एका दिवसात सुटतात, हे आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की अशा वेळी मुलाचा कान कड शोधण्याचे काम करीत नाही. ते काम दुसऱ्या कोणाच्या कानाने, किंवा कोणाच्याच कानाने नव्हे, केलेले असते.

दुकानदार पालकांनी निघताना विचारले, “आम्हांला इंग्रजी येत नाही. पोरगा बरोबर करतो की नाही, हे आम्ही कसे ओळखावे?” आम्ही त्यांस दोन गोष्टी सांगितल्या व त्या इतर पालकांसही कळवितो. तुकडा लागला की मुलाजवळ बसावे. मुलाचा आवाज मोबाईलच्या आवाजामागून येतो की पुढे पळतो, हे ओळखण्यास इंग्रजी लागत नाही. पुढे पळू लागला की म्हणावे, बस्स, आता पुढचे लाव. आणि वाक्याच्या अगदी शेवटी मोबाईलमधून जो ध्वनी येतो, स्, ट्, फ्, काहीही असो, तोच मुलाच्या तोंडून येतो की नाही, हे पाहावे. धान्य मापताना शेवटची मूठ सांडली तर तुम्हांला ऐकू येते ना, असे आम्ही म्हणालो, तेव्हा ते हसले.

दिवाळीनंतर ते पुन्हा आले ते तक्रार घेऊनच. सत्ताविसाव्या तुकड्याच्या अखेरीस काहीतरी तुटते, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही ऐकले. तो तुकडा त्यांच्या चिरंजीवांनीच कापला होता, आणि ‘द लगेज इज स्टिल ऑन द रूफ’ मधील फ् अर्धा राहिला होता. मुलाने तेथेच खोलीत जाऊन कड सरकविली व फाइल बदलली.

पहिल्या खेपेचे एक्केचाळीस तुकडे आम्ही पुसून टाकले आहेत. ‘फाइव्ह मिनिट’ हा तेवढा एक ठेवला आहे. जूनमध्ये नवी नववी बसली की पहिल्या तासास तोच लावावयाचा आणि काय ऐकू येते ते वहीत लिहावयास सांगावयाचे, असे ठरविले आहे.